आठ महिन्यांचे एसएमएस आणि एक परवानगी: सबस्क्रिप्शन शोधणाऱ्या ॲपला बँक खातं दाखवावं का?

हे प्रकरण पुण्यातल्या एका कुटुंबाचं आहे. नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. रकमा मात्र त्यांच्या वहीत आहेत तशाच दिल्या आहेत. मी एका बँकेच्या तंत्रज्ञान विभागातून निवृत्त झालो आहे आणि याच इमारतीत राहतो. त्यामुळे असली प्रकरणं चहाच्या कपासोबत माझ्याकडे येतात.

## पार्श्वभूमी

सुजाता नोकरी करते, निनादही. घरात दहा वर्षांचा मुलगा आणि निनादची आई. सुजाताचं पगाराचं खातं एका मोठ्या खाजगी बँकेत आहे, तर निनादचं जुनं खातं एका सहकारी बँकेत आणि पगाराचं दुसरीकडे. दोघांकडे एकेक क्रेडिट कार्ड. आईंच्या पेन्शनच्या खात्यावर सुजाता सहखातेदार आहे. आई स्मार्टफोन वापरत नाहीत, म्हणून त्या खात्याला सुजाताचाच मोबाइल नंबर जोडलेला आहे. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, पुढे तोच महत्त्वाचा ठरला.

मार्च २०२५ मध्ये सुजाताला कार्डाच्या बिलात १,४९९ रुपये दिसले. गेल्या वर्षी घेतलेल्या व्यायामाच्या ॲपचं वार्षिक शुल्क आपोआप पुन्हा कापलं गेलं होतं. तिने ते ॲप मे महिन्यानंतर उघडलंच नव्हतं. वैतागात तिने ‘विसरलेली सबस्क्रिप्शन शोधून देणारं’ एक मोफत ॲप उतरवलं. उघडल्या उघडल्या ॲपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली आणि तिने ती दिली. दोन मिनिटांत यादी आली: अकरा ‘सबस्क्रिप्शन’. शेवटी लिहिलं होतं की पूर्ण चित्र हवं असेल तर बँक खाती आणि ईमेल जोडा.

इथे ती थांबली. निनादच्या न्यू जर्सीतल्या बहिणीला फोन केला, तर ताई म्हणाल्या, “अगं इथे आम्ही सगळेच जोडतो, काही होत नाही.” मग संध्याकाळी सुजाता फोन घेऊन माझ्याकडे आली. “काका, हे सुरक्षित आहे का?”

## अडचण नेमकी कुठे होती

सुजाताचा प्रश्न ॲपबद्दल होता. पण ॲप चांगलं की वाईट हे बाहेरून कोणालाच नीट कळत नाही. त्यापेक्षा ॲप कोणत्या दाराने आत येणार आणि त्या दारातून सबस्क्रिप्शनसोबत आणखी काय काय दिसणार, हे तपासता येतं. या ॲपने चार दारं समोर ठेवली होती.

पहिलं दार एसएमएसचं, जे आधीच उघडलं होतं. अँड्रॉइडमध्ये ‘फक्त बँकेचे मेसेज वाच’ अशी परवानगी देता येत नाही. `READ_SMS` दिलं की सगळा इनबॉक्स दिला. त्यात ओटीपी आले, डॉक्टरांच्या भेटीचे मेसेज आले, शाळेचे आले. आणि सुजाताच्या फोनवर आईंच्या पेन्शनचे, औषधांच्या दुकानाचे, बचतीतल्या शिलकीचेही मेसेज येत होते. म्हणजे ज्या बाईने कोणत्याही ॲपला होकार दिला नव्हता, तिचा हिशोबही त्यात गेला. गुगल प्ले एसएमएसची परवानगी सरसकट सगळ्या ॲपना देऊ देत नाही, पण खर्चाचा हिशोब ठेवणाऱ्या ॲपना तिथे सवलत आहे. आयफोनवर मात्र कोणत्याच ॲपला असा इनबॉक्स वाचता येत नाही, त्यामुळे तिथे हे दारच नसतं.

दुसरं दार ईमेलचं. जीमेल वाचायची परवानगी दिली की पावत्यांबरोबर पासवर्ड बदलण्याच्या लिंकसकट सगळी टपाल वाचता येते. या दाराचा एक गाजलेला दाखला अमेरिकेतला आहे. नको असलेल्या मेलच्या वर्गण्या बंद करून देणारी अनरोल.मी ही सेवा लोकांच्या इनबॉक्समधल्या खरेदीच्या पावत्यांची माहिती तिच्या मूळ कंपनीला पुरवत होती, आणि ती कंपनी नावं काढून ती माहिती बाजाराच्या अभ्यासासाठी विकत होती. २०१९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर कारवाई केली. कोणाचे पैसे चोरीला गेले नव्हते. सेवा आपलं काम चोख करत होती, फक्त काम करता करता दुसराही धंदा चालवत होती.

तिसरं दार नेटबँकिंगचा युजर आयडी आणि पासवर्ड. निनादच्या सहकारी बँकेसाठी ॲपने हाच मार्ग सुचवला, कारण ती बँक चौथ्या मार्गाच्या यादीत नव्हती. यावर मी तिला तिथेच थांबवलं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक बँकेची किंवा तिसऱ्या कोणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भार येत नाही. पण ग्राहकाने स्वतःच पासवर्डसारखी गोष्ट कोणाला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. पासवर्ड ॲपला देणं म्हणजे हे संरक्षण आपल्या हाताने सोडून देणं.

चौथं दार अकाउंट ॲग्रीगेटरचं. याची रचना बरी आहे, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेने याचे नियम केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली. यात मधला ॲग्रीगेटर तुमची माहिती बँकेकडून ती मागणाऱ्या संस्थेकडे कुलूपबंद अवस्थेत फक्त पोचवतो, स्वतः वाचू शकत नाही. पासवर्ड लागत नाही, ओटीपीने संमती द्यायची. पैसे हलवण्याचा अधिकार यात मिळतच नाही. संमतीपत्रावर कोणती खाती, किती काळाचे व्यवहार, कशासाठी, किती वेळा आणणार आणि किती दिवस ठेवणार हे सगळं छापलेलं असतं. अडचण एवढीच की ते पान कोणी वाचत नाही, खालचं बटण मोठं असतं.

आम्ही ते वाचलं. माहिती मागणाऱ्याच्या जागी ॲपचं नाव नव्हतं. तिथे एका कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेचं नाव होतं. यात बेकायदेशीर काही नाही: या व्यवस्थेत माहिती मागणारी संस्था रिझर्व्ह बँक, सेबी, आयआरडीएआय किंवा पीएफआरडीए यांपैकी कोणाच्या तरी नियंत्रणाखालची असावी लागते, त्यामुळे साधं ॲप कोणा परवानाधारकाच्या पाठीमागे उभं राहतं. पण त्या नावावरून मोफत ॲपचा खर्च कुठून निघतो याचा अंदाज येतो. पुढे, हेतूच्या रकान्यात `Explicit consent for monitoring of the accounts` असं होतं. खर्चाचा आढावा आणि बजेट यासाठी या व्यवस्थेत वेगळा हेतू-क्रमांक आहे, १०२. इथे वापरलेला १०४ होता, म्हणजे खात्यांवर सतत नजर ठेवण्याचा. मुदत एक वर्ष, माहिती रोज आणणार. बँक ठेवींबरोबर म्युच्युअल फंड आणि विमाही मागितले होते. विसरलेलं व्यायामाचं ॲप शोधायला म्युच्युअल फंड कशाला हवेत?

ताईंचा सल्ला प्रामाणिक होता, पण तो दुसऱ्या गावच्या रस्त्याचा होता. अमेरिकेत असली ॲप बहुतेक प्लेडसारख्या मध्यस्थामार्फत खातं जोडतात. पूर्वी तिथे बँकेचा पासवर्ड थेट मध्यस्थाच्या पडद्यावर टाकायचा. आता बऱ्याच मोठ्या बँका ग्राहकाला स्वतःच्या पानावर नेतात आणि मध्यस्थाला मर्यादित किल्ली देतात. तिथेही सगळं आलबेल नव्हतंच: गरजेपेक्षा जास्त माहिती गोळा केल्याच्या दाव्यात प्लेडने ५८ दशलक्ष डॉलरची तडजोड केली. मुख्य म्हणजे ताईंच्या फोनवर एसएमएसचं दार हा प्रश्नच नव्हता, आणि सुजाताच्या फोनवर तोच सगळ्यात मोठा होता.

## ॲपच्या यादीत काय होतं

पर्यायांकडे वळण्याआधी आम्ही ती अकरा जणांची यादी तपासली, कारण जोखीम घ्यायची तर बदल्यात काय मिळतंय तेही पाहायला हवं. अकरापैकी खरी सबस्क्रिप्शन पाच. उरलेल्या सहात घरकामाच्या मावशींचा दर महिन्याच्या पाच तारखेचा पगार (२,५०० रुपये), सोसायटीचा मेंटेनन्स, दूधवाला आणि आईंच्या गोळ्या होत्या. ‘हे बंद करून वर्षाला ३०,००० रुपये वाचवा’ असा सल्ला ॲपने मावशींच्या नावापुढे दिला होता. त्यावर आई बराच वेळ हसत होत्या.

जे सुटलं होतं त्याचं कारण साधं होतं. सुजाताने ऑगस्टमध्ये नवा फोन घेतला होता आणि जुने मेसेज त्यावर आणले नव्हते. म्हणजे ॲपकडे आठ महिन्यांचेच एसएमएस होते. मे, जून, जुलैमध्ये कापली जाणारी वार्षिक शुल्कं त्याला दिसणंच शक्य नव्हतं. आणि लोक नेमकी वार्षिकच विसरतात.

## समोर असलेले पर्याय

आम्ही तीन मार्ग मांडले. पहिला, ॲग्रीगेटरमार्फत खाती जोडायची. तो मी सरसकट वाईट म्हणणार नाही. एखाद्याची पाच-सहा खाती असतील, ॲप पैसे घेऊन चालत असेल, संमती एकदाच माहिती आणण्यापुरती असेल, हेतू खर्चाच्या आढाव्याचा असेल आणि एकच खातं निवडता येत असेल, तर मी हरकत घेतली नसती. इथे यातलं काहीच नव्हतं.

दुसरा, खातं न जोडता स्टेटमेंटची पीडीएफ ॲपमध्ये चढवायची. वरवर हा मधला मार्ग वाटतो. पण पीडीएफमध्ये नाव, पत्ता, खाते क्रमांक, पगार आणि वर्षभराचे सगळे व्यवहार असतात आणि ती एकदा दिली की परत मागवता येत नाही. ॲग्रीगेटरची संमती निदान रद्द तरी करता येते. (पीडीएफचं कुलूप काढायला लोक कुठल्याही ‘फ्री अनलॉक’ साइटवर ती टाकतात, ते तर त्याहून वाईट.)

तिसरा मार्ग सुजाताच्या डोक्यातच नव्हता. खात्याचे व्यवहार हा भूतकाळ असतो: पैसे गेल्यावर तिथे नोंद पडते. पण आपल्याकडे कोणाला आपोआप पैसे कापायचे असतील तर त्याला आधी तुमच्याकडून कायमची परवानगी, म्हणजे मँडेट, घ्यावं लागतं आणि ते ओटीपीने किंवा यूपीआय पिनने नोंदवावं लागतं. या मँडेटच्या याद्या तुमच्याच बँकेत आणि तुमच्याच फोनवर असतात. तिथे पुढे काय कापलं जाणार आहे ते दिसतं, तेही कोणाला खातं न दाखवता.

निर्णय तिसऱ्या मार्गाचा झाला. एका रविवारी दुपारी बसायचं ठरलं.

## काय केलं

सुरुवात ॲपपासून. आधी ॲपमधूनच खातं आणि माहिती पुसण्याची विनंती पाठवली, मग फोनच्या सेटिंगमध्ये एसएमएसची परवानगी काढली, मग ॲप काढून टाकलं. हा क्रम मुद्दाम सांगतो. बरेच जण आधी ॲप उडवतात आणि मग पुसण्याची विनंती कुठून करायची हे सापडत नाही. आठवड्याने एक ठरीव मेल आला की माहिती पुसली. त्या दोन दिवसांत काय वर गेलं होतं ते कधीच कळणार नाही. नंतर सुजाताला कर्जाचे फोन वाढल्यासारखे वाटले, पण त्याचा संबंध या ॲपशी जोडायला माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून जोडत नाही.

मग चार ठिकाणं पाहिली.

यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ नावाचा विभाग असतो. सुजाताकडे दोन यूपीआय ॲप होती आणि त्या वेळी मँडेट ज्या ॲपमधून दिलं त्यातच दिसायचं, म्हणून दोन्ही उघडली. (२०२५च्या अखेरीस यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने सगळी मँडेट कोणत्याही ॲपमध्ये दिसावीत अशी सोय करायला लावली आहे.) तिथे पाच मँडेट निघाली. त्यातलं एक मुलाच्या अभ्यासाच्या ॲपचं होतं. ते उघडल्यावर सुजाता गप्प झाली. सुरुवात १ रुपयाच्या चाचणीने, दरमहा कापले जाणारे ५९९ रुपये, पण परवानगीची कमाल रक्कम ५,००० रुपये आणि किती वेळा या रकान्यात `As presented`, म्हणजे ते मागतील तेव्हा. तिला आठवलं: ती पोळ्या लाटत होती, मुलगा फोन घेऊन आला, “आई, एक रुपया फक्त,” आणि तिने पिठाच्या बोटांनी पिन टाकला. पिनच्या पडद्यावर ठळक आकडा १ होता. ५,००० खाली बारीक अक्षरांत.

दुसरं ठिकाण कार्डं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या प्रत्येक आवर्ती व्यवहाराला असं ई-मँडेट लागतं. बहुतेक व्यवहारांना १५,००० रुपयांपर्यंत नंतर ओटीपी लागत नाही, त्यावर प्रत्येक वेळी लागतो. सुजाताच्या बँकेत ही यादी नेटबँकिंगमध्येच होती. निनादच्या कार्डाची बँक `sihub.in` या वेगळ्या साइटवर नेत होती, कारण बऱ्याच बँकांनी हे काम तिथे सोपवलं आहे. तिथे बँकेच्या साइटवरूनच जायचं, सर्च करून नाही. दोघांच्या कार्डांवर मिळून चार निघाली: व्यायामाचं ॲप, एक ओटीटी वार्षिक, निनादचा मुदत विमा, आणि विकून टाकलेल्या लॅपटॉपचा अँटीव्हायरस.

तिसरं ठिकाण `NACH` किंवा नाच, म्हणजे थेट खात्यावरची मँडेट. हप्ते, एसआयपी, विमा बहुधा इथे असतात. निनादच्या पगाराच्या खात्यावर दोन एसआयपी आणि एका संस्थेला दरमहा ५०० रुपयांची देणगी होती. मॉलबाहेर उभ्या असलेल्या एका मुलीला नाही म्हणवलं नाही म्हणून सहा वर्षांपूर्वी भरलेला अर्ज. सहकारी बँकेची यादी ऑनलाइन नव्हती. सोमवारी शाखेत जाऊन विचारली, तिथे काही नव्हतं.

चौथं, फोनचं ॲप स्टोअर. इथली सबस्क्रिप्शन बँकेच्या यादीत गुगल किंवा ॲपलच्या नावाने येतात, त्यामागे कोणतं ॲप आहे ते स्टोअरमध्येच कळतं. निनाद क्लाउडवरच्या जागेसाठी महिना १३० रुपये भरत होता. सुजाताही तेवढेच भरत होती. एकाच योजनेत घरातले सगळे बसले असते.

उलट तपासणीसाठी स्टेटमेंट तेरा महिन्यांची एक्सेलमध्ये उतरवली, स्वतःच्या लॅपटॉपवर. बारा नाही, तेरा: म्हणजे चालू महिन्यात कापलेलं वार्षिक शुल्क दोनदा दिसतं. काढलेली रक्कम C रकान्यात असेल तर शेजारी एवढंच:

```
=COUNTIF(C:C,C2)
```

दोन किंवा जास्त येणाऱ्या ओळी चाळल्या. ५०० आणि २,००० हे एटीएमचे आकडे खूप येतात, ते सोडून द्यायचे. १४९, ५९९, १,४९९ असले आकडे थांबवतात. मधे दर वाढला असेल तर ही युक्ती चुकते, म्हणून तपशिलाचा रकानाही `MANDATE` आणि `ACH` या शब्दांनी गाळला. नवीन काही सापडलं नाही, पण मँडेटची यादी पूर्ण आहे याची खात्री झाली. ॲपला त्यातली पाच दिसली होती.

## कुठे चुकलं

एक चूक आमच्या हातून झाली, आणि ती ॲपची नव्हती. कार्डाच्या यादीत विक्रेत्याचं ओळखीचं नाव दिसेलच असं नाही. पैसे गोळा करणाऱ्या मधल्या कंपनीचं किंवा कागदोपत्री नाव दिसतं. निनादने उत्साहात अनोळखी नावाचं एक मँडेट रद्द केलं. ते त्याच्या मुदत विम्याच्या मासिक हप्त्याचं होतं. पुढच्या महिन्यात विमा कंपनीचा ‘हप्ता थकला’ असा मेसेज आला तेव्हा कळलं. मासिक हप्त्याला १५ दिवसांची सवलत असते, म्हणून पॉलिसी टिकली. हप्ता हाताने भरला, नवं मँडेट दिलं. पण तो मेसेजही इतर मेसेजांसारखा न वाचता राहिला असता तर चाळिशीत नव्याने वैद्यकीय तपासणी करून महागडी पॉलिसी घ्यावी लागली असती.

दुसरं किरकोळ. अभ्यासाच्या ॲपचं मँडेट आधी रद्द केलं आणि ॲपमधली योजना तशीच राहिली. मँडेट तोडलं की पैसे थांबतात, करार संपत नाही. आठवडाभर त्यांच्या विक्री विभागाचे फोन येत राहिले. मग योजना ॲपमधून रीतसर रद्द केली. मुलाने ते पाच महिने उघडलं नव्हतं, म्हणून परताव्याची मागणी केली. शेवटच्या महिन्याचे ५९९ मिळाले, आधीचे चार महिने गेले ते गेले.

## निष्पत्ती

व्यायामाचं ॲप (१,४९९), अभ्यासाचं ॲप (वर्षाला ७,१८८), अँटीव्हायरस (१,२९९) आणि दुसरं क्लाउड (१,५६०) बंद झालं. वर्षाला ११,५४६ रुपये. देणगी चालू ठेवली. निनाद म्हणाला, आता माहीत असून देतोय. ठीक आहे.

पुढच्यासाठी त्यांनी एक खातं वेगळं केलं. सुजाताचं कॉलेजपासूनचं एक शून्य शिलकीचं बचत खातं पडून होतं. सगळी सबस्क्रिप्शन हळूहळू त्याच्या यूपीआयवर आणली आणि दर महिन्याला त्यात १,५०० रुपये टाकायचे ठरवलं. ५,००० ची परवानगी घेऊन कोणी बसला तरी खात्यात तेवढे नसतातच. उद्या एखादं ॲप जोडायचंच झालं तर हेच एक खातं दाखवायचं. घर न दाखवता ओटीवर बसवायचं, तसं. विमा आणि एसआयपी मात्र इथे आणायचे नाहीत. तिथे शिल्लक कमी पडली की नाच परत जातं, बँक दंड लावते आणि संरक्षण तुटतं.

आणि एक गोष्ट जी आधीपासून होती. नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने सूचना द्यायची असते: कोण, किती, कधी. व्यायामाच्या ॲपचीही सूचना आली होती. आम्ही शोधली, ती सुजाताच्या मेलमध्ये जाहिरातींच्या ढिगात न उघडलेली होती. ॲप तिला जे पैसे गेल्यावर सांगणार होतं, ते बँकेने आदल्या दिवशीच सांगितलं होतं. आता त्या मेलना वेगळं लेबल आहे. मेसेजमधल्या लिंकवर मात्र ती जात नाही, कारण ‘तुमचं सबस्क्रिप्शन उद्या नूतन होणार, रद्द करायला इथे दाबा’ हा फसवणुकीचा ठरलेला मजकूर झाला आहे. मेसेज वाचायचा, आणि रद्द करायचं ते यूपीआय किंवा बँकेचं ॲप स्वतः उघडून.

## पुन्हा करायचं झालं तर

एसएमएसची परवानगी विचारली गेली तो क्षण खरा निर्णयाचा होता, आणि तो पाच सेकंदांत गेला. त्यानंतरची सगळी चर्चा उरलेल्या दारांची होती. आईंचे मेसेज त्या फोनवर येतात हे सुजाताला माहीत होतं, पण परवानगी देताना आठवलं नाही. आता पेन्शनच्या खात्याचा नंबर आईंच्या साध्या फोनवर हलवला आहे.

मँडेट रद्द करण्याआधी प्रत्येकाचा स्क्रीनशॉट काढून ठेवायला हवा होता, आणि अनोळखी नावाला एक महिना हात लावायला नको होता. २४ तास आधीची सूचना आली की ते कोणाचं आहे ते आपोआप उलगडतं.

माझीही एक चूक सांगतो. मी चार ठिकाणं पाहिली, पण मोबाइलच्या पोस्टपेड बिलात गुंफलेल्या सेवा पाहायच्या राहिल्या. त्या कोणत्याच मँडेटच्या यादीत येत नाहीत, कारण मँडेट बिलाचं असतं. सुजाताच्या बिलात ४९ रुपयांची कॉलर ट्यून दोन वर्षं चालू होती.

जुलैत त्यांनी तिमाही तपासणी केली. वीस मिनिटं लागली. नवं मँडेट एकच निघालं: निनादच्या नावावर, १ रुपयाची चाचणी, कमाल ५,०००. तो म्हणाला, “उद्या बंद करणारच होतो.” मँडेटची तारीख १९ दिवसांपूर्वीची होती.